बफरमध्ये ठीक, मातीत सरकतो: पीएच मीटरचं दुखणं कुठे शोधायचं

प्रश्न: तासगावजवळ माती-पाणी तपासणीची छोटी लॅब आहे. पीएच मीटर रोज ७ आणि ४ च्या बफरने कॅलिब्रेट करतो. मीटर ओके दाखवतो, बफरमध्ये आकडा पटकन थांबतो. पण मातीच्या नमुन्यात ७.६ पासून सुरू होऊन ८.२ पर्यंत सहा-सात मिनिटं सरकत राहतो. बोअरच्या पाण्यातही थोडंफार तेच, आणि आरओच्या पाण्यात तर थांबतच नाही. दुकानदार म्हणतो नवा इलेक्ट्रोड घ्या. मीटर बिघडलंय, इलेक्ट्रोड गेलाय की माझी पद्धत चुकते?

उत्तर:

नमस्कार. इलेक्ट्रोड इतक्यात विकत घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून काचेचा बल्ब ठीक आहे आणि दुखणं जंक्शनमध्ये, म्हणजे आतलं द्रावण जिथून बाहेर झिरपतं त्या छोट्या वातीत, आहे असा माझा अंदाज आहे. अंदाजच म्हणतो, कारण तुमचा इलेक्ट्रोड वरून केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराईडचं द्रावण, भरायचा आहे की बंद जेलचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि बरंचसं त्यावर अवलंबून आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये वीसेक वर्षं काढली. आता आसपासच्या लॅबची मीटरं बघतो, त्यामुळे असे ‘बफरमध्ये शहाणे आणि नमुन्यात वेडे’ इलेक्ट्रोड माझ्या टेबलावर बरेच येतात.

आधी ‘ओके’चा अर्थ बघू. दोन बफरचं कॅलिब्रेशन म्हणजे दोन ठिपक्यांतून ओढलेली एक रेघ. कुठल्याही दोन ठिपक्यांतून रेघ जातेच. मीटर फक्त एवढंच बघतं, की त्या रेघेचा उतार आणि तिची जागा कारखान्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे का. असेल तर ओके. इलेक्ट्रोड किती वेळात त्या आकड्याला पोचला, पातळ पाण्यात तो कसा वागेल, यातलं काहीच त्या ओकेमध्ये नसतं. शिवाय बऱ्याच मीटरांची ‘स्थिर झाला’ म्हणायची अट ढिली असते. आकडा हळू सरकत असेल तर त्यालाच स्थिर समजून मीटर तो पकडून टाकतं. म्हणून मी कॅलिब्रेट करताना पडद्यावरच्या पीएचकडे फारसं बघत नाही. मीटरवर mV चं बटण असतं, ते दाबतो आणि शेजारी मोबाईलचं घड्याळ ठेवतो.

मिलिव्होल्टमध्ये काय दिसायला हवं? चांगला इलेक्ट्रोड ७ च्या बफरमध्ये शून्याच्या आसपास असतो. शून्यापासून ३० पर्यंत इकडेतिकडे चालतं. याला आपण ऑफसेट म्हणतो. पीएच एकाने कमी झाला की आकडा २५ अंश सेल्सिअसला सुमारे ५९ मिलिव्होल्टने वर जातो, ३० अंशाला सुमारे ६० ने. हा उतार, म्हणजे स्लोप. प्रत्यक्षातला स्लोप या आदर्श आकड्याच्या ९५ ते १०२ टक्के असेल तर काच निरोगी. ९२ च्या खाली गेला की मी सावध होतो, आणि साफसफाई करूनही ९० च्या वर येत नसेल तर तो इलेक्ट्रोड काढून टाकतो.

ढोबळ मानाने स्लोप काचेची तब्येत सांगतो आणि ऑफसेट आतल्या रेफरन्सची, म्हणजे ज्याच्या तुलनेत काचेचा व्होल्टेज मोजतात त्या आतल्या स्थिर भागाची. लागणारा वेळ दोघांपैकी कुणाचाही असू शकतो. आणि नेमकी तुमची तक्रार वेळेचीच आहे, म्हणून ती उकलायला एक जास्तीची चाचणी लागते. ती सांगण्याआधी एक खरा किस्सा आकड्यांसकट सांगतो, म्हणजे डोळ्यांसमोर राहील.

मागच्या वर्षी मिरजेकडच्या एका लॅबमधून असाच एक इलेक्ट्रोड आला होता. केसीएल भरायचा, काचेचा, दीड वर्ष वापरलेला. खोलीचं तापमान ३० अंश होतं. ७ च्या बफरमध्ये आकडा आला उणे २२. नंतर ४.०१ मध्ये अधिक १५५. दोन्हींमधलं अंतर १७७ मिलिव्होल्ट, पीएचमधलं अंतर २.९९. भागाकार केला तर एका पीएचला ५९.२. तीस अंशाला आदर्श ६०.१, म्हणजे साडेअठ्ठ्याण्णव टक्के. काच उत्तम! दोन्ही बफरमध्ये अर्ध्या मिनिटाच्या आत आकडा थांबला. ऑफसेटही मर्यादेत. कागदावर या इलेक्ट्रोडमध्ये काही खोट नव्हती, आणि त्या लॅबवाल्यांच्या मातीत तो सहा मिनिटं सरकत होता. तुमच्यासारखाच.

मग ९.२ चा बफर घेतला. तो ३० अंशाला ९.१४ असतो, बाटलीवर किंवा पाकिटावर तापमानाचा तक्ता असतो तो बघत जा. आकडा आला उणे १४६. म्हणजे ७ ते ९.१४ या पट्ट्यात स्लोप सुमारे ५८, जवळपास ९६ टक्के. तेही ठीक.

इथे तुमच्या बफरच्या निवडीबद्दल बोलून घेतो. आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींचा पीएच साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येतो. त्याला ७ आणि ४ ने कॅलिब्रेट करणं म्हणजे मोजायचं पूर्वेला आणि खुणा रोवायच्या पश्चिमेला. तुमच्या कामाला ७ आणि ९.२ हीच जोडी हवी. पण खरं सांगायचं तर तुमच्या त्रासाचं कारण हे नाही. वरच्या इलेक्ट्रोडचाच हिशेब करा: मातीचा खरा पीएच ८.४० असेल तर ४-७ च्या रेघेवर तो ८.३७ दिसेल. चूक ०.०३ ची. तुमचा आकडा ०.६ ने सरकतोय. बफर जरूर बदला, पण त्याने सरकणं थांबणार नाही.

आता ती जास्तीची चाचणी. ९.२ चा बफर बोरॅक्सचा असतो आणि बोरॅक्सचा एक चांगला गुण आहे: पाणी घालून पातळ केला तरी त्याचा पीएच जवळजवळ हलत नाही. निम्मा पातळ केला तर एक शतांश, दहा पट पातळ केला तर काही शतांश, बस. ७ चा फॉस्फेटवाला बफर मात्र पातळ केल्यावर चांगला वर जातो, तो या कामाला घेऊ नका. डिस्टिल्ड वॉटर उकळून झाकून गार करा, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. मग १० मिली बोरॅक्स बफर त्या पाण्याने १०० मिली करा. इलेक्ट्रोड धुऊन आधी मूळ बफरमध्ये बघा, मग लगेच या पातळ बफरमध्ये. फार वेळ उघडा ठेवू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो खाली यायला लागतो.

चांगला इलेक्ट्रोड पातळ बफरमध्येही मिनिटाच्या आत जवळपास त्याच आकड्यावर येतो. मिरजेचा तो इलेक्ट्रोड ८.८ ला आला आणि चार मिनिटं हळूहळू वर चढत राहिला. त्यात बीकर नुसता हाताने फिरवला की आकडा ०.२ ने उडायचा, फिरवणं थांबवलं की परत खाली. ढवळल्यावर आकडा बदलणं ही जंक्शनची खूण. काचेचा बल्ब ढवळण्याला एवढा भाव देत नाही.

असं का होतं ते समजून घेतलं तर पुढची दुरुस्ती आपोआप सुचते. इलेक्ट्रोडच्या बाजूला, बल्बच्या थोडं वर, एक छोटा पांढरा ठिपका दिसतो. ती सच्छिद्र चिनी मातीची वात असते, तेच जंक्शन. आतलं केसीएल तिथून अगदी सावकाश बाहेर झिरपतं आणि रेफरन्स व नमुना यांच्यामधलं विजेचं सर्किट पुरं होतं. हे झिरपणं नीट चालू असेल तर जंक्शनच्या तोंडाशी केसीएलचंच राज्य असतं, बाहेर काहीही असो. झिरपणं मंदावलं, वात मातीने बुजली किंवा आतलं केसीएल पातळ झालं, की तोंडाशी नमुन्याचं आणि आतल्या द्रावणाचं मिश्रण तयार होतं. त्यातून एक उपरा व्होल्टेज उभा राहतो आणि ते मिश्रण बदलत जाईल तसा तो सरकत राहतो. बफरमध्ये क्षार भरपूर असतात, त्यामुळे अर्धवट बुजलेलं जंक्शनही तिथे निभावून नेतं. मातीच्या पातळ पाण्यात क्षार कितीतरी कमी, तिथे त्याचं पितळ उघडं पडतं. बोअरच्या पाण्यात तुम्हाला त्रास ‘थोडाफार’ आहे, तोही याच हिशेबाने: त्यात क्षार मातीच्या निवळीपेक्षा जास्त असणार.

मिरजेच्या इलेक्ट्रोडमध्ये दोष कुठून आला ते उजेडात धरल्यावर दिसलं. आतलं केसीएल निम्म्यावर आलेलं, वरच्या भोकाचं रबरी बूच घट्ट लावलेलं, आणि रात्री तो डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीत उभा ठेवायची पद्धत. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात. बूच बंद असलं की आत हवा शिरत नाही, मग केसीएल खाली झिरपू शकत नाही. आतली पातळी नमुन्याच्या पातळीखाली असली तर झिरपणं उलटं होतं, म्हणजे नमुनाच आत शिरतो. आणि डिस्टिल्ड वॉटर रात्रभर वातीतलं केसीएल खेचून काढतं, वर थोडं पाणी आतही जातं. ऑफसेट उणे २२ होता तो यामुळेच. आतलं क्लोराईड पातळ झालं की आकडा उणेकडे सरकतो. मर्यादेत आहे म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पण सहा महिन्यांची वही असती तर दिसलं असतं की तो दर महिन्याला दोन-तीन मिलिव्होल्ट सरकत आलाय.

दुरुस्ती अशी केली. आधी आतलं जुनं केसीएल बारीक नळी लावलेल्या सिरिंजने ओढून काढलं, ताज्या केसीएलने आतून दोनदा धुतलं आणि भोकापासून थोडं खाली राहील एवढं भरलं. ताजं म्हणजे ३ मोलर: २२.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून १०० मिली. काही इलेक्ट्रोडना चांदीच्या क्लोराईडने संपृक्त केलेलं द्रावण लागतं, ते त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. तसं असेल तर कंपनीचंच घ्या, घरी बनवायच्या फंदात पडू नका.

मग बाहेरची बाजू. मातीच्या लॅबमध्ये वातीवर चिकणमाती आणि चुना दोन्ही बसतात. चुन्यासाठी ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिड: एक लिटर पाण्यात सुमारे साडेआठ मिली तीव्र अॅसिड, पाण्यात अॅसिड घालायचं, उलट नाही. त्यात टोक पंधरा-वीस मिनिटं ठेवलं, धुतलं. नंतर केसीएल ५०-६० अंशांपर्यंत गरम करून टोक त्यात बुडवलं आणि तसंच दहा-पंधरा मिनिटांत कोमट होऊ दिलं. वातीच्या छिद्रांत बसलेले केसीएलचे खडे यात विरघळतात. तुमचा इलेक्ट्रोड किती तापमान सोसतो ते आधी बघा, स्वस्तातले प्लास्टिक बॉडीचे काही इलेक्ट्रोड ६० ला नाखूष असतात. शेवटी तासभर साध्या केसीएलमध्ये ठेवला.

जंक्शन वाहायला लागलं का हे बघायची सोपी युक्ती आहे. टोक धुऊन टिश्यूने टिपा, बूच उघडं ठेवून इलेक्ट्रोड कोरड्या जागी उभा लटकवून ठेवा. काही तासांनी वातीच्या ठिपक्यावर बारीक पांढरे कण दिसले पाहिजेत, मिठागरात दिसतात तसे. दिसले तर झिरपतंय. बघून झालं की लगेच केसीएलमध्ये ठेवा, बल्ब फार वेळ कोरडा ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी ७ मध्ये आकडा उणे २२ चा उणे ६ झाला होता. स्लोप होता तसाच, कारण काचेला काही झालंच नव्हतं. दहा पट पातळ बोरॅक्समध्ये चाळीस सेकंदांत ९.१ च्या वर जाऊन थांबला, ढवळलं तरी दोन-तीन शतांशांपेक्षा हलला नाही. मातीच्या निवळीत दीड मिनिटात ८.१ ला थांबला. खर्च शंभर रुपयांच्या आत असेल.

तुमच्याकडे मात्र जेलचा बंद इलेक्ट्रोड असेल तर आतून काही करता येत नाही. अॅसिड आणि गरम केसीएलची अंघोळ घालून बघा, कधी कधी सुधारतो. पण जेलमधलं क्लोराईड संपलं असेल तर दुकानदाराचं बरोबर आहे. मातीच्या कामाला पुढच्या वेळी भरायचाच घ्या, रोजचा त्रास थोडा जास्त पण तो दुरुस्त तरी होतो.

आता दुसरी शक्यता. समजा तुम्ही मिलिव्होल्ट बघितले आणि दिसलं की बफरमध्येही आकडा दोन-तीन मिनिटं घेतोय आणि स्लोप ९० च्या आसपास आहे. ऑफसेट मात्र शांत आहे. मग दोष काचेचा. बल्ब वाळलेला असतो, त्यावर तेलकट पापुद्रा असतो, नाहीतर काच म्हातारी झालेली असते. द्राक्षवाल्यांची फवारणीची द्रावणं तपासायला येत असतील तर पापुद्र्याची शक्यता धरा. औषधातलं तेल आणि स्टिकर काचेवर छान चिकटतात. सौम्य साबणाच्या पाण्यात थोडा वेळ, मग धुऊन मघाचंच ०.१ नॉर्मल अॅसिड, मग रात्रभर केसीएल. बल्ब पुसायचा नाही, फक्त टिपायचा. कापडाने घासला की काचेवर स्थिर वीज येते आणि आकडा उगाच भरकटतो. दूध तपासणाऱ्यांना पेप्सिनची अंघोळ लागते, तुम्हाला नाही. इंटरनेटवर काच फ्लोराईडने खरवडायचे उपाय सापडतील. ते विषारी प्रकरण आहे, छोट्या लॅबमध्ये करू नका.

तिसरी शक्यता मीटरची, आणि ती दोन मिनिटांत निकालात निघते. इलेक्ट्रोड काढा आणि मीटरच्या बीएनसी सॉकेटमधली मधली टाचणी आणि बाहेरची कडी एका कागदाच्या क्लिपने जोडा. mV वर शून्याच्या अगदी जवळ आणि पीएचवर ७ च्या आसपास आकडा यावा आणि तिथेच खिळून राहावा. राहिला तर मीटर बहुधा बिनदोष. क्लिप लावूनही आकडा भटकत असेल तर दोष मीटरमध्ये. २०१९ च्या पुरानंतर सांगलीतल्या एका लॅबमध्ये मला बोलावलं होतं. पाणी टेबलापर्यंत आलं नव्हतं, पण खोली महिनाभर ओलसर होती. सगळ्या बफरमध्ये ७ च्या आसपास आकडा. इलेक्ट्रोड फुटला म्हणून दोन नवे आणून झाले होते, तेही तसेच! क्लिप लावली तर मीटर ठीक. इलेक्ट्रोडही ठीक होते. दोष निघाला जोडणीच्या वायरमध्ये, ती त्यांनी लांबवून घेतली होती आणि मधल्या जोडात दमट बुरशी. काचेच्या बल्बचा रोध कोट्यवधी ओहम असतो, त्याच्यापुढे ओलाव्याची एक पुसट रेषाही चांगली वाहक ठरते आणि सगळा सिग्नल तिथेच मरतो. वायर काढली, इलेक्ट्रोड थेट लावला, काम झालं. पावसाळ्यात बीएनसीला हात लावायच्या आधी हात कोरडे करा, आणि सगळ्या बफरमध्ये एकच आकडा येत असेल तर आधी जोडणी बघा, मग बल्बला तडा गेलाय का ते.

आरओच्या पाण्याचं सोडून द्या. त्यात क्षार नसल्यात जमा, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पीएच तुमच्या डोळ्यांदेखत खाली येत राहतो. हवेत ठेवलेलं डिस्टिल्ड वॉटर ७ वर राहत नाही, साडेपाच-पावणेसहाला येऊन टेकतं. तिथे इलेक्ट्रोड सरकतोय की पाणी, हे सांगणं अवघड. ते पाणी इलेक्ट्रोडची परीक्षा घ्यायला वापरू नका, आणि गिऱ्हाइकाने त्याचा रिपोर्ट मागितलाच तर झाकलेल्या बाटलीत, न ढवळता, ठरलेल्या वेळेला आकडा घ्या.

मातीतलं सगळं सरकणंही इलेक्ट्रोडच्या माथी मारू नका. थोडं खरंच मातीचं असतं. २० ग्रॅम माती आणि ५० मिली पाणी, अधूनमधून ढवळत अर्धा तास, असं तुम्ही करत असालच. पण पाणी घातल्यावर पाच मिनिटांतच इलेक्ट्रोड बुडवला तर चुनखडीच्या मातीत कार्बोनेटचा समतोल अजून लागत असतो आणि पीएच खरोखरच वर जातो. शिवाय जंक्शन खाली बसलेल्या गाळात आहे की वरच्या निवळीत, यावरही आकडा बदलतो. चिकणमातीच्या भारित कणांमुळे जंक्शनच्या तोंडाशी जास्तीचा व्होल्टेज तयार होतो. म्हणून ढवळून लगेच बुडवायचं की निवळीत, हे एकदा ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि लॅबमधल्या दोघांनीही तेच करा. सरकणं मातीचं की इलेक्ट्रोडचं, हे ओळखायचं तर मातीत आकडा चढत असताना इलेक्ट्रोड काढा, धुवा आणि ९.२ च्या बफरमध्ये घाला. तिथे लगेच बरोबर आला आणि परत त्याच मातीत घातल्यावर जिथे सोडला होता तिथूनच पुढे गेला, तर माती बदलतेय. परत खालून ७.६ पासूनच सुरुवात झाली, तर जंक्शन.

तापमानाचंही तेच. एसीतल्या बफरमधून काढून उन्हातून आणलेल्या पाण्यात घातला की इलेक्ट्रोडचं पोट गरम होईपर्यंत आकडा सरकतो. तापमानाचा प्रोब फक्त स्लोप दुरुस्त करतो, बाकी नाही. नमुने आणि बफर अर्धा तास एकाच टेबलावर ठेवा.

आणि बफर. बाटलीत परत ओतू नका, उघडल्याची तारीख मार्करने लिहा. ९.२ चा हवेने खाली येतो, ४ च्यात बुरशी धरते. गोळ्यांचा वापरत असाल तर मीटरच्या मेनूत ७.०० निवडलंय आणि गोळी ६.८६ ची आहे, असं तर नाही ना, ते पाकिटावर बघा. दोन्ही प्रकार आपल्याकडे मिळतात आणि हा घोटाळा मी तीन ठिकाणी बघितलाय. तिथेही मीटर ओकेच दाखवत होतं.

आज जमेल तर एवढं करा: ७, ४ आणि ९.२ मधले मिलिव्होल्ट, प्रत्येकाला लागलेले सेकंद, खोलीचं तापमान आणि पातळ बोरॅक्सचा आकडा, ढवळून आणि न ढवळता. इथेच टाका, मी बघतो. इलेक्ट्रोडचा जंक्शनकडचा फोटो उजेडात काढलेला असेल तर उत्तम, वात पांढरी, पिवळट की काळी ते कळेल. काळी असेल तर चांदीचा सल्फाइड बसलाय, त्याला अॅसिडात मिसळलेलं थायोयुरिया लागतं, ते वेगळं सांगेन.

नवा घ्यायची वेळ आलीच तर जुना फेकू नका. त्याच्या वायरला लाल दोरा बांधा आणि तो मातीला ठेवा. नवा फक्त पाण्याला.